फोटोतल्या कागदावरून सॅम्पल साइज: दोन सरासऱ्यांमधला फरक पकडायला किती रुग्ण लागतील?

सिनॉप्सिस जमा करायची तारीख जवळ आली की निवासी डॉक्टर व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवतात आणि खाली विचारतात, "सर, सॅम्पल साइज बरोबर आहे ना?" कागद बहुतेक वेळा तिरका असतो, त्यावर हाताची सावली असते आणि एखादा कोपरा कापलेला असतो. असाच एक कागद घेऊन तो ओळीओळीने कसा तपासायचा ते इथे दाखवतो. विषय आणि आकडे शिकवण्यासाठी बदलले आहेत, पण चुका मात्र नेहमीच्याच आहेत.

मूळ कागद इंग्रजीत आहे. मराठीत उतरवला तर असा दिसतो:

गरोदरपणातला ॲनिमिया, लोहाची गोळी रोज विरुद्ध एक दिवसाआड, दोन गट.
मुख्य मापन: ८ आठवड्यांनंतरचं हिमोग्लोबिन.
अपेक्षित फरक: ०.५
आधीचा अभ्यास: १०.४ ± ०.१७, रुग्ण ५०
अल्फा ५ टक्के, पॉवर ८० टक्के
समासात पेन्सिलीने: एसडी १२
तळाला चौकटीत: एका गटात ४६, एकूण ९२

आधी कागद उतरवून घ्या, गणित नंतर

फोटोवरून थेट कॅल्क्युलेटरकडे जाऊ नका. कोऱ्या कागदावर प्रत्येक आकडा लिहा आणि त्याच्यापुढे तीन गोष्टी नोंदवा: तो कशाचा आहे, कोणत्या एककात आहे आणि कुठून आला. ज्याच्यापुढे जागा रिकामी राहील तो आकडा वापरायचा नाही, विचारायचा. आपल्या कागदावर हे केलं की लगेच दिसतं की ०.५ ला एकक नाही, ± च्या पुढचा आकडा नेमका काय आहे ते लिहिलेलं नाही आणि समासातला १२ कुठून आला याचा पत्ता नाही.

फोटोत सगळ्यात आधी नाहीसा होतो तो दशांश चिन्हाचा ठिपका. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं आणि पेन्सिलीचा ठिपका त्यात सहज विरतो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, कागदाचे चारही कोपरे दिसू द्या. तरीही शंका राहिली तर फोन करून आकडा तोंडी वाचून घ्या.

समासातला १२ हा असाच संशयित आहे. तो १.२ असेल का? की खरंच १२? दोन्ही शक्य आहेत, कारण हिमोग्लोबिन आपल्याकडे ग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये सांगतात, तर बऱ्याच परदेशी जर्नलमध्ये ते ग्रॅम प्रति लीटरमध्ये छापतात. तिथे १०.४ चे १०४ होतात आणि १.२ चे १२. म्हणजे एसडी एका पेपरातून आणि सरासरी दुसऱ्यातून घेतली असेल, तर एकाच कागदावर दोन एककं नांदू शकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

± च्या पुढे काय आहे?

माझ्या मते सगळ्या कागदातली सर्वांत धोक्याची खूण म्हणजे ±. तिच्यापुढे एसडी असू शकते, स्टँडर्ड एरर असू शकतो, कधी कधी कॉन्फिडन्स इंटरव्हलचा अर्धा भागही असतो. एसडी सांगते की रुग्णारुग्णांत किती फरक आहे. स्टँडर्ड एरर सांगतो की काढलेली सरासरी किती डळमळीत आहे. सॅम्पल साइजच्या सूत्रात एसडीच लागते. स्टँडर्ड एरर तिच्यापेक्षा कितीतरी लहान असतो, कारण तो एसडीला रुग्णसंख्येच्या वर्गमुळाने भागून मिळतो.

०.१७ ही एसडी असू शकते का, हे तपासायला आकडेमोडही लागत नाही. साधारण घंटाकृती मापनात ९५ टक्के माणसं सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन एसडीच्या आत असतात. ०.१७ ही एसडी धरली तर ॲनिमियावर उपचार घेणाऱ्या जवळपास सगळ्या बायकांचं हिमोग्लोबिन १०.०६ ते १०.७४ या पट्ट्यात बसायला हवं. ज्यांनी प्रसूतिपूर्व ओपीडीत एक सकाळ काढली आहे त्यांना हे हास्यास्पद वाटेल. एकाच बाईचं रक्त दोन वेगळ्या दिवशी तपासलं तरी एवढा फरक पडू शकतो. तेव्हा हा स्टँडर्ड एरर असणार. त्याला ५० च्या वर्गमुळाने, म्हणजे ७.०७ ने गुणलं की १.२ येतात.

आणि समासातल्या १२ चा उलगडाही इथेच होतो. कुणीतरी हेच रूपांतर आधी करून पेन्सिलीने १.२ लिहून ठेवलं होतं, फोटोत ठिपका गेला. तरी अंदाजावर थांबू नका. मूळ पेपर उघडून तक्त्याखालची तळटीप वाचा, ± म्हणजे काय ते बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं.

०.५ हा फरक कुणी ठरवला?

फरकाचा आकडा संख्याशास्त्र देत नाही, तो वैद्यकीय निर्णय आहे. प्रश्न असा विचारायचा: ८ आठवड्यांनी दोन गटांत किमान किती फरक दिसला तर आपण औषध देण्याची पद्धत बदलू? ०.२ ग्रॅमसाठी कुणी बदलणार नाही. १ ग्रॅमची वाट पाहत बसलो तर उपयोगाचा फरकही हातचा जाईल. विद्यार्थिनी आणि तिच्या गाइडनी बोलून ०.५ ग्रॅम प्रति डेसिलीटर ठरवलं असेल, तर कागदावर एकक आणि एका ओळीचं कारण लिहायचं.

"आधीच्या अभ्यासात एवढा फरक आला होता" हे कारण मला पटत नाही. छोट्या अभ्यासात आलेला फरक योगायोगानेही फुगलेला असतो आणि छापून येतात ते बहुधा फुगलेलेच. एसडी मात्र आधीच्या अभ्यासातून घ्यावीच लागते, तिला दुसरा रस्ता नाही.

आता गणित

```
n = 2 × (1.96 + 0.84)² × SD² / d²
```

इथे n म्हणजे प्रत्येक गटातली संख्या आणि d म्हणजे पकडायचा फरक. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा ते कुठून आलं ते एकदा समजून घेतलेलं बरं, कारण आपल्या कागदावरची मोठी चूक त्यातूनच सापडणार आहे.

दोन गटांच्या सरासऱ्यांमधला फरक हा स्वतःच डळमळतो. अभ्यास पुन्हा केला तर तो थोडा वेगळा येईल. या डळमळीचं माप म्हणजे फरकाचा स्टँडर्ड एरर. पाच टक्के अल्फा आणि दोन बाजूंची चाचणी धरली, तर मिळालेला फरक शून्यापासून १.९६ स्टँडर्ड एरर दूर असल्याशिवाय आपण त्याला खरा म्हणत नाही. ही झाली रेषा. आता खरा फरक बरोबर या रेषेवरच असेल तर निम्मे अभ्यास रेषेच्या अलीकडे पडतील आणि पॉवर ५० टक्केच राहील. दहातले आठ अभ्यास रेषेपलीकडे पडायला हवे असतील तर खरा फरक रेषेच्याही ०.८४ स्टँडर्ड एरर पुढे असायला हवा. १.९६ आणि ०.८४ मिळून २.८०. म्हणजे आपल्याला रुग्ण इतके घ्यायचे की ०.५ ग्रॅम हा फरक स्टँडर्ड एररच्या २.८ पट होईल.

आणि सूत्राच्या सुरुवातीचा २ का? कारण डळमळणाऱ्या सरासऱ्या दोन आहेत. दोघींची डळमळ फरकात एकत्र होते, म्हणून व्हेरिअन्स दुप्पट होतो.

आपले आकडे घालू. २.८० चा वर्ग ७.८४. १.२ चा वर्ग १.४४. ०.५ चा वर्ग ०.२५. दोन गुणिले ७.८४ गुणिले १.४४ भागिले ०.२५, उत्तर ९०.३. रुग्ण अर्धा नसतो, म्हणून नेहमी वर, ९१.

कागदावर मात्र ४६ आहेत. सूत्रातला २ काढून पाहा: ७.८४ गुणिले १.४४ भागिले ०.२५, म्हणजे ४५.२, म्हणजेच ४६. चूक सापडली. विद्यार्थिनीने एका गटाचं सूत्र वापरलं आहे. ते सूत्र खोटं नाही. एकाच गटाची सरासरी एखाद्या ठरलेल्या आकड्याशी ताडायची असेल, किंवा त्याच रुग्णांचं उपचाराआधीचं आणि नंतरचं माप ताडायचं असेल (तेव्हा एसडी बदलाची घ्यायची), तर तेच बरोबर. इथे गट दोन आहेत. गंमत अशी की एका गटात ४६ धरले की एकूण ९२ होतात आणि बरोबर उत्तर प्रत्येक गटात ९१–९२ आहे. त्यामुळे तपासणाऱ्याला कुठेतरी ९२ दिसतात, त्याचं समाधान होतं आणि निम्म्याच रुग्णांवर सही होते. चौकटीतल्या आकड्यापुढे "प्रत्येक गटात" की "एकूण" हे लिहिलेलं असलं, तरी तो कोणत्या सूत्रातून आला हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

एसडीचं चुकीचं वाचन केलं असतं तर काय झालं असतं, तेही करून पाहा. ०.१७ घातले तर प्रत्येक गटात २ रुग्ण येतात. १२ घातले तर ९०३२. दोन्ही उत्तरं पाहताच माणूस थबकतो आणि ते चांगलंच आहे. उत्तर विचित्र आलं की सूत्रावर नाही, एककावर आणि ± वर पहिला संशय घ्यायचा.

आर मध्ये पडताळा

हाताने केलेलं गणित झेड वक्रावरचं आहे. प्रत्यक्षात आपण टी-टेस्ट करतो, एसडीही त्याच रुग्णांवरून काढतो. त्यामुळे प्रत्येक गटात साधारण एक रुग्ण जास्त लागतो. आर या मोफत प्रणालीत एका ओळीत होतं:

```
power.t.test(delta = 0.5, sd = 1.2,
             sig.level = 0.05, power = 0.80)
```

उत्तर ९१.४ च्या आसपास येतं, म्हणजे ९२. खाली एक टीपही छापून येते की हा आकडा प्रत्येक गटातला आहे. ती टीप सिनॉप्सिसमध्ये जशीच्या तशी उतरवायला हरकत नाही. हाताचं आणि आरचं उत्तर एक-दोनने वेगळं आलं तर काळजी नको. पंधरा-वीसने वेगळं आलं तर कुठलातरी आकडा चुकीच्या जागी गेला आहे.

८० टक्के पॉवर हा आकडा जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सुचवला. नसलेला फरक दिसणं हे असलेला फरक हुकण्यापेक्षा चौपट वाईट, असा त्याचा हिशोब होता. म्हणून एकीकडे ५ टक्के, दुसरीकडे २०. हा निसर्गनियम नाही. ९० टक्के पॉवर हवी असेल तर ०.८४ च्या जागी १.२८ येतं आणि प्रत्येक गटात १२२ च्या आसपास रुग्ण लागतात.

"पण सर, सगळे तीसच घेतात"

हे वाक्य ऐकलं की प्रश्न उलटा फिरवायचा. प्रत्येक गटात ३० घेतले तर ०.५ ग्रॅमचा खरा फरक सापडण्याची शक्यता किती? वरच्या ओळीत power काढून n = 30 लिहिलं की उत्तर येतं, सुमारे ३५ टक्के. म्हणजे फरक खरोखर असूनही तीनपैकी जवळपास दोन वेळा थीसिसमध्ये "फरक आढळला नाही" असं लिहिलं जाईल आणि पुढचा कुणीतरी ते "फरक नाही" असं वाचेल. तीस-तीस रुग्णांत ८० टक्के पॉवरने पकडता येणारा फरक ०.८८ ग्रॅम आहे. गाइडना विचारा, एवढा फरक अपेक्षित आहे का? असेल तर तीस पुरतील.

त्यातली दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. तीस-तीस रुग्ण आणि १.२ एसडी धरली, तर पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जायला अभ्यासात किमान ०.६२ ग्रॅमचा फरक दिसावाच लागतो. खरा फरक ०.५ असेल तर "यशस्वी" ठरलेला असा प्रत्येक अभ्यास तो फुगवूनच सांगणार. मग पुढच्या वर्षीची विद्यार्थिनी तोच फुगलेला आकडा आपल्या कागदावर "अपेक्षित फरक" म्हणून लिहिते.

एसडी थोडी चुकली तर

५० रुग्णांवरून काढलेली १.२ ही एसडी स्वतः अंदाज आहे. तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण १.० ते १.५ असा येतो. एसडी १.० असेल तर प्रत्येक गटात ६४ रुग्ण पुरतात, १.५ असेल तर १४३ लागतात. एकाच कागदावरून निघालेली ही दोन टोकं आहेत. सूत्रात एसडीचा वर्ग आहे, म्हणून तिच्यातली छोटी चूक उत्तरात मोठी होते. फरकाचंही तसंच: ०.५ ऐवजी ०.२५ पकडायचा म्हटलं की रुग्ण चौपट, ३६३. म्हणून एका उत्तराऐवजी दोन-तीन एसडी धरून छोटा तक्ता करा आणि तो गाइडसमोर ठेवा. मोठ्या, आपल्याकडच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासातली एसडी मिळाली तर ती आधी घ्या.

एसडी कोणत्या रुग्णांची हेही पाहायला हवं. आधीच्या अभ्यासात सगळ्या गरोदर बायका घेतल्या असतील आणि तुम्ही फक्त ७ ते ९.९ हिमोग्लोबिन असलेल्या घेणार असाल, तर तुमच्या गटात पसारा कमी असेल आणि ती एसडी जशीच्या तशी लागू होणार नाही.

गळती

प्रसूतीसाठी माहेरी जाणाऱ्या बायका ८ आठवड्यांनी परत रक्त द्यायला येतीलच असं नाही. १५ टक्के गळती धरू. इथे ९२ चे १५ टक्के काढून ते मिळवायची सवय आहे. त्याने १०६ येतात. पण १०६ मधून १५ टक्के गळाले की ९०च उरतात. भागायला हवं: ९२ भागिले ०.८५, म्हणजे १०८.२, म्हणजे १०९. दोन्ही गट मिळून २१८.

एवढे रुग्ण मिळणारच नसतील तर

कागदावरचे ९२ आता २१८ झाले म्हटल्यावर पहिली सुचवणी येते ती "फरक ०.८ धरू या का?" ही. उत्तर आधी ठरवून आकडे मागून बसवण्याचा हा प्रकार एथिक्स कमिटीतला जाणता सदस्य लगेच ओळखतो. कारण ०.८ ला वैद्यकीय समर्थन विचारलं की कुणापाशी नसतं.

प्रामाणिक वाट एक आहे आणि ती फुकट आहे. प्रत्येक बाईचं हिमोग्लोबिन उपचाराआधीही मोजणार आहोतच. शेवटच्या मापनाचं विश्लेषण करताना सुरुवातीचं माप हिशोबात घेतलं (याला अँकोव्हा म्हणतात), तर रुग्णसंख्या एक वजा कोरिलेशनच्या वर्गाच्या पटीत कमी होते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या मापात ०.६ कोरिलेशन असेल तर ९२ गुणिले ०.६४, म्हणजे प्रत्येक गटात ५९. गळती धरून ७०, एकूण १४०. पण ०.६ हा आकडाही कुठून तरी यायला हवा, पायलटमधून किंवा छापील अभ्यासातून. आणि ७ ते ९.९ अशी अरुंद निवड केली की कोरिलेशनही खाली येतं. ते ०.५ निघालं तर प्रत्येक गटात ६९ लागतील, गळती धरून ८२. शंका असेल तर मी ०.५ धरतो. ही पद्धत निवडली तर सिनॉप्सिसच्या विश्लेषणाच्या भागातही अँकोव्हाच लिहायला हवं. सॅम्पल साइज एका चाचणीने काढून निकाल दुसऱ्याने लावता येत नाही.

सिनॉप्सिसमध्ये शेवटी हा परिच्छेद जातो: "८ आठवड्यांनंतरच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन गटांत ०.५ ग्रॅम प्रति डेसिलीटर फरक वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा मानला आहे. आधीच्या अभ्यासातील स्टँडर्ड एरर (०.१७, रुग्ण ५०) वरून एसडी १.२ काढली. दोन बाजूंची चाचणी, अल्फा ५ टक्के, पॉवर ८० टक्के धरून टी-टेस्टसाठी प्रत्येक गटात ९२ रुग्ण लागतात. १५ टक्के गळती धरून प्रत्येक गटात १०९, एकूण २१८ रुग्ण घेतले जातील." अँकोव्हाची वाट घेतली तर चाचणीचं नाव, कोरिलेशन आणि ते कुठून घेतलं याची भर घालून संख्या बदलायच्या. आधीच्या अभ्यासाचा संदर्भ एसडीच्या वाक्यातच द्या आणि त्या पेपरचं ± असलेलं पान छापून फाइलला लावा.